दोन लिप्यांमधली फट

आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही ग्रुपवरचे शेवटचे दहा मेसेज उघडून बघा. त्यातले निदान चार तरी असे असतील:

```
उद्याची lab cancel झाली, mess ला सांग
HOD सरांनी submission पुढे ढकललंय
```

आपण असंच बोलतो, म्हणून असंच टाइप करतो. त्यात वाईट काही नाही. पण हीच ओळ मोबाईलवर एक दिसते, लॅबमधल्या पीसीवर दुसरीच दिसते, आणि काही चॅट विंडोंमध्ये तर दोन शब्दांमध्ये एकदा बारीक फट, एकदा मोठं भगदाड, खालची ओळ वरच्या ओळीला चिकटलेली असा सगळा कारभार असतो. बरेच जण म्हणतात, "मराठी टायपिंगच भिकार आहे," आणि सरळ रोमनमध्ये मराठी लिहायला लागतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मला रोमनमधलं मराठी वाचायला जड जात नाही. पण आमचं घर नरसिंहपूरला, म्हणजे इंदापूर तालुक्यात नीरा आणि भीमा जिथे मिळतात तिथे, आणि घरी आजीला फक्त देवनागरी येतं. तिला "mi udya yete" पाठवून उपयोग काय? त्यामुळे ही फट नेमकी कुठून येते याचा मी जरा पाठपुरावा केला. त्यात सापडलं ते असं, की दोष टायपिंगचा फार क्वचित असतो. दोष असतो दोन फॉन्ट एका ओळीत बसवण्याचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपण "फॉन्ट" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर अक्षरांचं वळण येतं, पण फॉन्ट ही एक फाइल आहे. त्या फाइलमध्ये एक तक्ता असतो: अमुक क्रमांकाचं अक्षर आलं तर अमुक आकृती काढ. युनिकोडमध्ये देवनागरीला 0900 ते 097F हे (सोळाच्या पायातले) क्रमांक दिलेले आहेत. आता एखाद्या चॅट विंडोच्या कोडमध्ये असं लिहिलेलं असतं:

```
font-family: "Segoe UI", Arial, sans-serif;
```

यातल्या पहिल्या दोन्ही फॉन्टच्या तक्त्यात देवनागरी नाहीच. "उद्याची" मधला "उ" आला की प्रोग्रॅम पहिल्या फॉन्टला विचारतो, तो नाही म्हणतो. दुसऱ्याला विचारतो, तोही नाही म्हणतो. शेवटी तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे हात पसरतो आणि तिथे जो देवनागरी फॉन्ट असेल तो उचलतो. विंडोज 2000 आणि एक्सपीच्या काळात तो "मंगल" असायचा, विंडोज 8 पासून "निर्मला यूआय" आला. अँड्रॉइडवर बहुधा "नोटो" असतो. या उसनवारीला फॉलबॅक म्हणतात. म्हणजे वरच्या ओळीत "उद्याची" एका फॉन्टमध्ये, "lab cancel" दुसऱ्यात, "झाली" परत पहिल्यात. दोन्ही फॉन्ट वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना न विचारता तयार केलेले. लग्नाच्या पंगतीत दोन गावांचे आचारी एकाच पातेल्यावर उभे केले तर काय होईल, तसंच.

जुन्या मासिकांमध्ये हा प्रश्न नव्हता, कारण तिथे उसनवारीच नव्हती. श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असायचे. तो फॉन्ट मशीनवर असला तर सगळं छान, नसला तर अख्खं पान अगम्य इंग्रजी. एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही. युनिकोडमुळे "काहीच नाही" गेलं, आणि त्याच्या जागी "थोडं वाकडं" आलं. सौदा फायद्याचाच आहे, पण वाकडं कुठे होतं ते कळायला हवं.

आता मूळ मुद्दा, मोकळी जागा. छापखान्यात खिळे जुळवायचे तेव्हा दोन शब्दांच्या मध्ये शिशाचा एक बिनअक्षरी तुकडा बसवायचे. तो किती जाड घ्यायचा हे जुळारी डोळ्यांनी ठरवायचा. कॉम्प्युटरमध्ये स्पेस हेसुद्धा एक अक्षरच आहे, आणि त्याची रुंदी फॉन्ट ठरवतो. एरियलमध्ये अक्षराचा चौकोन 2048 भागांचा धरला आहे आणि स्पेस 569 भागांची आहे, म्हणजे साधारण 0.28 पट. टाइम्स न्यू रोमनमध्ये 512, म्हणजे बरोबर पाव. कुरिअर न्यूमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी सारखीच, म्हणून स्पेससुद्धा 0.6 पट. आकार 16 पिक्सेल धरला तर एरियलची स्पेस साडेचार पिक्सेल, टाइम्सची चार आणि कुरिअरची साडेनऊच्या वर.

गंमत अशी की स्पेस इंग्रजी फॉन्टमध्येही असते आणि मराठी फॉन्टमध्येही असते. मग "उद्याची" आणि "lab" यांच्यामधली स्पेस कुणाची? याचं एक उत्तर नाही. काही प्रोग्रॅम पहिल्या, म्हणजे मुख्य फॉन्टला आधी विचारतात. त्याच्याकडे स्पेस असतेच, म्हणून मराठी शब्दांच्या मध्येसुद्धा इंग्रजी फॉन्टची स्पेस येते. काही प्रोग्रॅम आधीच्या शब्दाचाच फॉन्ट पुढे चालू ठेवतात. तिथे "उद्याची" नंतरची स्पेस मराठी फॉन्टची आणि "cancel" नंतरची इंग्रजीची. एकाच ओळीत दोन मापं! आपण एकच बटण दाबलंय, पण पडद्यावर दोन वेगळ्या फटी.

बरं, समजा स्पेस सगळीकडे अगदी सारखी केली, तरी डोळ्यांना ती सारखी दिसत नाही. याचं कारण शिरोरेघ. इंग्रजी अक्षर आखताना त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला थोडी कोरी जागा ठेवतात, म्हणजे शेजारची अक्षरं एकमेकांना घासत नाहीत. देवनागरीत उलटं करावं लागतं. शेजारच्या अक्षरांच्या रेघा एकमेकींना भिडल्याच पाहिजेत, म्हणून रेघ अक्षराच्या पार कडेपर्यंत, कधी जराशी पलीकडेही नेतात. परिणाम असा: दोन इंग्रजी शब्दांमध्ये स्पेस अधिक दोन्हीकडची कोरी जागा, आणि दोन मराठी शब्दांमध्ये नुसती स्पेस. त्यामुळे एरियलची स्पेस घेतलेली मराठी ओळ दाटीवाटीची वाटते आणि तिच्यातला इंग्रजी शब्द जरा ऐसपैस बसलेला दिसतो. हे कुणाचं चुकलेलं नाही, दोन लिप्यांची बांधणीच तशी आहे.

याहून खास आपला, म्हणजे मराठीचा, त्रास आहे तो प्रत्ययांचा. हिंदीवाले "lab में" असं सुटं लिहून मोकळे होतात. मराठीत "लॅबला" हा एक शब्द आहे. म्हणून आपण टाइप करतो:

```
labला  hostelवर  submissionचं
```

इथे स्पेस नाहीच, पण फॉन्ट मात्र शब्दाच्या पोटात बदलतो. एकाच फॉन्टमधल्या दोन अक्षरांचं अंतर तो फॉन्ट जुळवून घेतो, पण "b" एका फाइलमधला आणि "ला" दुसऱ्या फाइलमधला असला की हे जुळवणं थांबतं. कोणी कोणाला ओळखत नाही. म्हणून कुठे "hostel" च्या शेवटच्या दांडीला "वर" ची रेघ टेकते, तर कुठे उगाच पोकळी दिसते. पोकळी बघून आपण वैतागून हायफन घालतो किंवा स्पेस देतो.

यातही एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. "ला, वर, चं, ने" हे प्रत्यय व्यंजनाने सुरू होतात, ते चालतात. पण "classात" असं लिहायला गेलात तर प्रत्यय नुसत्या काना-मात्रेने सुरू होतो. काना हा कुठल्यातरी देवनागरी अक्षरावरच बसू शकतो, इंग्रजी "s" वर नाही. मग बहुतेक ठिकाणी त्याच्या आधी ठिपक्यांचं एक गोल येतं. ते गोल म्हणजे "इथे अक्षर हवं होतं" अशी प्रोग्रॅमची तक्रार. यावर फॉन्ट बदलून इलाज होत नाही. "class मध्ये" लिहा, नाहीतर सरळ "क्लासात" लिहा.

आता उभी बाजू बघू. ओळींमधल्या अंतरासाठी आमच्या गावाचं नाव अगदी नामी आहे: नरसिंहपूर. यात "सिं" वर वेलांटी आणि तिच्यावर अनुस्वार, "पू" च्या खाली दीर्घ उकार. म्हणजे एकाच शब्दात देवनागरी जितकी वर जाते आणि जितकी खाली उतरते त्याचा बऱ्यापैकी नमुना. इंग्रजी फॉन्टला एवढी उंची लागतच नाही. एरियलने सुचवलेली ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या 1.15 पट आहे, 16 पिक्सेलला साधारण साडेअठरा पिक्सेल. देवनागरी फॉन्टला वर-खाली जास्त जागा ठेवावी लागते. समजा 1.6 पट, म्हणजे साडेपंचवीस.

चॅट विंडोने ओळीची उंची आपोआप ठरू दिली असेल, तर ज्या ओळीत एक जरी मराठी शब्द असेल ती ओळ फुगते आणि निव्वळ इंग्रजी ओळ आखूडच राहते. तीन ओळींच्या मेसेजमध्ये मधली ओळ इंग्रजी असली की अंतरं वरखाली होतात. उलट, विंडोने उंची पक्की बांधलेली असेल, समजा 1.2 पट, तर सगळ्या ओळी सारख्या अंतरावर येतात खऱ्या, पण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारात घुसतो. काही ठिकाणी तर माथ्यावरचा भाग चक्क कापला जातो. आणि मराठीत माथ्यावरचा एक ठिपका म्हणजे काही नक्षी नव्हे. "त्यांचा फोन आला होता" मधला अनुस्वार कापला की "त्याचा फोन आला होता" होतं. वॉर्डन सरांबद्दलचं वाक्य असेल तर वाचणारा काय समजेल ते सांगायला नको.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू, म्हणजे हे सगळे धागे एकत्र येतील. नृसिंह जयंतीला आमच्याकडे मोठी गर्दी असते. समजा हॉस्टेलवरून गाडी करून जायचं आहे आणि कोण कुठे उतरणार याची यादी कुणीतरी छोट्या पायथन प्रोग्रॅमने काढून ग्रुपवर टाकली, तीन बॅकटिक देऊन, म्हणजे सगळी अक्षरं सारख्या रुंदीची येतील आणि आकडे एकाखाली एक बसतील. (नावं खरी, आकडे नमुन्याचे.)

```
नरसिंहपूर   14
इंदापूर     6
अकलूज       3
```

प्रोग्रॅमने प्रत्येक नाव 12 अक्षरांपर्यंत स्पेसने भरलं आहे. आता प्रोग्रॅमच्या लेखी "अक्षर" म्हणजे काय ते बघा:

```
>>> len("नरसिंहपूर")
9
```

आपल्याला दिसतात सहा: न, र, सिं, ह, पू, र. पण वेलांटी, अनुस्वार आणि उकार यांना स्वतंत्र क्रमांक आहेत, म्हणून मोजणीत नऊ. तसंच इंदापूर सात आणि अकलूज पाच. म्हणून नरसिंहपूरला तीन स्पेस मिळाल्या, इंदापूरला पाच, अकलूजला सात. सगळं सारख्या रुंदीत बसलं असतं तर प्रत्येक आकडा 12 गुणिले 9.6, म्हणजे 115.2 पिक्सेलवर सुरू व्हायला हवा.

पण सारख्या रुंदीच्या त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नावं उसन्या फॉन्टमधून येतात, आणि त्यात प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. समजा त्या फॉन्टमध्ये नरसिंहपूर 57 पिक्सेल भरलं, इंदापूर 38 आणि अकलूज 48. स्पेस मात्र इंग्रजी फॉन्टच्याच, 9.6 च्या. मग पहिला आकडा 57 अधिक 28.8, म्हणजे 85.8 वर. दुसरा 38 अधिक 48, म्हणजे 86 वर. तिसरा 48 अधिक 67.2, म्हणजे 115.2 वर. पहिले दोन एकाखाली एक दिसतात, तिसरा जवळजवळ तीन स्पेस उजवीकडे. बघणारा म्हणणार, अकलूजची ओळ चुकली. प्रत्यक्षात अकलूजचीच ओळ जागेवर आहे आणि वरच्या दोन डावीकडे सरकल्या आहेत! कारण अनुस्वार आणि उकार मोजणीत धरले जातात, पण ओळीत आडवी जागा घेत नाहीत. र आणि वेलांटीही थोडक्या जागेत भागवतात. अकलूजमध्ये असं फक्त एक चिन्ह आहे, आणि अ, क, ज ही अंगाने भरलेली अक्षरं आहेत. म्हणून पाच अक्षरांची पाच घरं योगायोगाने भरली.

आता कुणी म्हणेल, मग वरच्या दोन ओळींत तीन-तीन स्पेस वाढवू. वाढवा, पण त्या तुमच्या मोबाईलपुरत्या. दुसऱ्याच्या मोबाईलवर उसना फॉन्ट दुसरा असेल, तिथे 57 चे 62 होतील आणि यादी परत वाकडी. स्पेस मोजून केलेली कुठलीही दुरुस्ती दुसऱ्या पडद्यावर टिकत नाही. टिकणारा उपाय अगदी साधा आहे, आकडा आधी लिहा:

```
14 नरसिंहपूर
 6 इंदापूर
 3 अकलूज
```

इंग्रजी आकडे आणि त्यांच्या आधीची स्पेस सारख्या रुंदीच्याच फॉन्टमधून येतात, म्हणून डावा रकाना सरळ राहतो. नाव उजवीकडे कितीही पसरलं तरी त्याच्यापुढे बिघडायला काही उरत नाही. मात्र आकडे १४ असे देवनागरीत टाकले तर तेही उसन्या फॉन्टमध्ये जातील आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

फट दिसली की ती फॉन्टची की टायपिंगची हे कसं ओळखायचं? आधी मजकूर तपासा. मोबाईलचा कीबोर्ड सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपण होऊन स्पेस टाकतो, त्यामुळे "lab ला" मधली फट खरंच टाइप झालेली असू शकते. ओळ कॉपी करून पायथनमध्ये टाका:

```
for c in "lab ला": print(hex(ord(c)))
```

मध्ये 0x20 आला तर ती साधी स्पेस, 0xa0 आला तर न तुटणारी स्पेस, 0x200c किंवा 0x200d आला तर न दिसणारं जोडचिन्ह. यातलं काहीच नसेल आणि तरी फट दिसत असेल, तर फॉन्टकडे वळा. चॅट ब्राउझरमध्ये उघडलेली असेल तर क्रोममध्ये त्या ओळीवर राइट क्लिक करून Inspect, मग Computed मध्ये सगळ्यात खाली Rendered Fonts बघा. तिथे दोन नावं दिसली की उसनवारी पकडली गेली. फायरफॉक्समध्ये त्यासाठी Fonts नावाचा वेगळा कप्पा आहे.

विंडो आपल्या हातातली असेल, म्हणजे प्रोजेक्टसाठी तुम्ही स्वतः चॅट बनवत असाल, तर मुळावरच घाव घालता येतो. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या एकाच हाताने एकमेकींच्या मापाने आखल्या आहेत, तो पहिल्या नंबरावर ठेवायचा. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा "मुक्त" असा आहे, आणि तो फुकट मिळतो.

```
font-family: "Mukta", sans-serif;
line-height: 1.6;
```

पहिल्या ओळीने स्पेसचा वाद मिटतो, कारण आता स्पेस एकाच घरची. "labला" सारख्या शब्दात अक्षरांची उंची आणि जाडीही जुळते. दुसऱ्या ओळीने इंग्रजी आणि मराठी ओळी सारख्या अंतरावर येतात आणि अनुस्वाराला डोकं वर काढायला जागा मिळते. फक्त फॉन्टची फाइल वेब पेजबरोबर पाठवायला विसरू नका. नाहीतर तुमच्या मशीनवर "मुक्त" आणि बाकी सगळ्यांकडे तीच जुनी उसनवारी. शेवटी तपासणीला ओळ कुठली घ्यायची हे वेगळं सांगायला नकोच: एका ओळीत "नरसिंहपूर", तिच्याखाली एक निव्वळ इंग्रजी ओळ, आणि तिच्याखाली "त्यांचा submissionचा mail". या तीन ओळी सरळ दिसल्या, तर आजीपासून वॉर्डन सरांपर्यंत कुणालाही पाठवा.